लॅमिनेशन केलेलं प्रगतिपत्रक

नाव : पराग वसंत वाणी. वय : बेचाळीस पूर्ण. राहणार : जव्हार, बाजारपेठ. व्यवसाय : झेरॉक्स, लॅमिनेशन, स्टेशनरी, तसेच मागणीनुसार सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज. शिक्षण : वाणिज्य शाखेची पदवी, पैकी शेवटचे वर्ष दोनदा. पद : अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा; निवड बिनविरोध, कारण निवडीच्या दिवशी बाकीचे पालक भातलावणीवर होते. ओळखीची खूण : शर्टाच्या खिशात दोन पेनं, दोन्ही चालू. सदर इसम शिक्षणप्रेमी असून त्याजबद्दल कोणाची तक्रार नाही.

शेवटचं वाक्य यंदाच्या दिवाळीपर्यंत खरं होतं.

जव्हारात चार महिने धुकं आणि ओल अशी असते, की कपाटातल्या कागदाला बुरशी आणि माणसाच्या स्वभावाला वास येतो. त्यामुळे इथे लॅमिनेशनचा धंदा बुडत नाही. रेशन कार्ड, जातीचा दाखला, आधार, बाळाच्या जन्माची नोंद, एकदा तर एका म्हातारीने नवऱ्याचं विजेचं बिल आणलं होतं, कारण त्यावर त्याचं नाव छापलेलं होतं. खालच्या पाड्यांवरची माणसंही बाजाराच्या दिवशी पिशवीत कागद घेऊन परागच्या दुकानी येतात. त्यांचा एक अलिखित नियम आहे : ज्या कागदाला प्लास्टिक चढलं तो पक्का झाला. साहेब बदलला, सरकार बदललं तरी तो बदलत नाही. पराग या नियमावर पोट भरत असल्याने त्याने त्याला कधी आव्हान दिलं नव्हतं.

शाळा गावाच्या टोकाला, जिथून रस्ता पाड्याकडे उतरतो तिथे. पहिलीच्या वर्गात बावीस मुलं, त्यातली बाजारपेठेतली मोजकी, बाकी पाड्यावरची. परागचा ऋत्विक बाजारपेठेतल्या मोजक्यांत. पोराला जिल्हा परिषदेच्या शाळेत का घातलं, याची दोन कारणं होती : पैसे वाचतात, आणि पहिलीच्या चंद्रकलाबाई चांगल्या आहेत. पराग लोकांना दुसरं सांगत असे. मात्र शाळा सरकारी असली तरी त्याची नजर खाजगी होती, आणि ती एकाच गोष्टीवर होती. ती गोष्ट त्याला दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत मिळणार होती.

चंद्रकलाबाईंनी पत्रकं वाटली. परागने आपलं उघडलं, उलटं केलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाई, पान राहिलं वाटतं एक."

"कुठलं?"

"मार्कांचं."

"मार्क नाहीत, अध्यक्ष. पहिली-दुसरीला मार्क नसतात, नंबर नसतो, पास-नापास नसतं. काय येतं, काय मदतीने येतं आणि कशाचा सराव हवा, एवढं लिहायचं असतं. तेच लिहिलंय."

परागचा चेहरा असा झाला, की शेजारी बसलेल्या एका बाईने पदराने वारा घातला. त्याने पत्रकावर बोट ठेवलं.

"आणि हे काय? 'चित्र मदतीने काढतो.' मदतीने? म्हणजे कॉपी करतो?"

"कॉपी नाही हो. शेजारी कुणी बसलं की काढतो, एकटा असला की कागदाकडे बघत राहतो."

"तेच म्हणतोय मी. शेजाऱ्याचं बघून."

सभा हसली. बाई हसल्या नाहीत. मोखाड्याच्या वरच्या अंगाच्या, सूर्यमाळकडच्या त्या. हसायचं कधी आणि किती हे त्या स्वतः ठरवत.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "सहा वर्षांची मुलं एका चालीने वाढत नाहीत. एक आधी बोलतं, एक आधी मोजतं, एकाचे हात आधी वळतात. आज ज्याला येत नाही त्याला होळीपर्यंत येतं. त्याला आत्ता दहातले तीन दिले, तर ते तीन त्याच्या कपाळावर राहतात. आणि पाड्यावरच्या मुलांची घरची बोली वेगळी. मी स्वतः पहिलीत असताना गुरुजी काय म्हणतात ते मला दिवाळीपर्यंत कळत नव्हतं. पेपर घेतला असता तर मला भोपळा मिळाला असता. अक्कल नव्हती म्हणून नाही, भाषा नव्हती म्हणून."

"पण बाई, कोण पुढे आहे, कोण मागे आहे, हे कळायला नको?"

"तुमचा ऋत्विक जूनमध्ये कुठे होता आणि आज कुठे आहे, ते कळायला हवं. ते लिहिलंय. तुलना त्याच्याशीच करायची."

"स्वतःशी काय तुलना! स्वतःशी तुलना केली तर प्रत्येकजण पहिला येईल."

"मग येऊ दे की."

परागने पत्रक मिटलं; त्याच्या मते ही वाद घालण्यासारखी गोष्टच नव्हती. मागच्या रांगेत रोहिदास आणि त्याची बायको सुषमा बसली होती. बांधकामावर, खडीवर, मिळेल तिथे रोजाने जाणारी, दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर उतरणारी. त्यांची धाकटी मुलगी, नावही धाकलीच, पहिलीत. रोहिदासने हात वर करून विचारलं, "बाय, म्हनजे आमची पोर पास का नापास?"

"दोन्ही नाही, रोहिदासभाऊ. शिकते आहे."

"अजून शिकतेच?" रोहिदास म्हणाला आणि त्याने निराश होऊन बायकोकडे पाहिलं.

बाई शेवटी म्हणाल्या, "एक सांगते. आकडा दिसला की माणूस पुढचं वाचत नाही. म्हणून आकडा नाही. आता घरी जाऊन वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते, थांबा. आणि सह्या, अंगठे करून पत्रकं सुट्टीनंतर परत आणा."

त्या थांबायला सांगत होत्या तेव्हा बाजारपेठेतले पालक दारात होते, आणि पाड्यावरच्यांना शेवटची वडापची जीप पकडायची होती. वाचून घ्यायला कोणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पाड्यावरच्या माणसांच्या हातात शाळेचा नवा, गुळगुळीत, रंगीत कागद होता. अशा कागदाचं काय करायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपर्यंत, बाजारपेठेतली मोजकी पत्रकं धरून, सगळा वर्ग परागच्या काउंटरवर थप्पी होऊन पडला, प्लास्टिक चढायची वाट बघत.

पराग थप्पीकडे बघत बसला. प्रत्येक पत्रकावर दहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शेरा : स्वतः करतो, मदतीने करतो, सरावाची गरज. दहा ओळी, म्हणजे दहा विषय. दहा दाहे शंभर. सरकारने शंभर मार्कांचा पेपर घेतला होता आणि बेरीज करायला विसरलं होतं. पराग असला माल वाया जाऊ देणारा माणूस नव्हता.

त्याने बायकोला, शलाकाला, बोलावलं. दुकानाचा हिशोब तिच्याकडे असे, कारण त्याला बेरजेत घाई होते.

"भाव लिही. स्वतः म्हणजे दहा. मदतीने, सहा. सराव, तीन."

"शून्य नाही कुणाला?"

"लहान आहेत गं," पराग मायेने म्हणाला.

शलाकाने ओळी वाचल्या. "अहो, यात जेवणाआधी हात धुतो हे आहे, आणि सोपे शब्द वाचतो हेही आहे. दोन्ही एकाच भावात?"

"विषय तो विषय. तू सगळ्यांची बेरीज कर, नंबर लाव, सुवाच्य प्रिंट काढ आणि बाहेर काचेवर लाव. पालकांना कळू दे. पहिल्या नंबराला आपल्यातर्फे कंपासपेटी. आणि प्रत्येकाच्या पत्रकावर कोपऱ्यात त्याचे मार्क लिहून समितीचा शिक्का मार, मग मशीनमधून काढ."

एवढं सांगून तो दिवाळीचा माल भरायला नाशिकला गेला. जाताना कंपासपेटी स्वतः निवडून, रंगीत कागदात बांधून, टेबलाच्या खणात ठेवून गेला. निळी होती. ऋत्विकला निळा रंग आवडतो.

संध्याकाळी तो परतला तेव्हा दुकानासमोर गर्दी होती. लोकांनी त्याला वाट करून दिली. पण ज्या तऱ्हेने ती दिली, ती त्याला आवडली नाही. मयताच्या घरी येणाऱ्या नातेवाइकाला देतात तशी.

काचेवर यादी होती. पहिला नंबर : धाकली रोहिदास, शंभरपैकी शहाण्णव. पराग खाली खाली वाचत गेला. यादी संपत आली तसा तो गुडघ्यांत वाकत गेला. बावीस : ऋत्विक पराग वाणी, पन्नास.

तो आत आला. शलाका काउंटरवर शांतपणे बसली होती.

"हे काय केलंस?"

"बेरीज."

"चुकली असेल."

"तीनदा केली. हिशोब बरोबर आहे. भाव तुमचे आहेत."

"अगं पण आपला मुलगा दुकानाच्या पाट्या वाचतो! पेपरातली हेडिंग वाचतो!"

"वाचनाचे दहा दिलेत की. मोजण्याचेही दहा. चित्र सहा, गाणं सहा. पण हात सांगितल्याशिवाय धूत नाही, तीन. रांगेत उभा राहत नाही, तीन. ताट उचलत नाही, तीन. खेळायला देत नाही, तीन. बटण लावत नाही, तीन. अनोळखी माणसाशी बोलत नाही, तीन. आता यातलं खोटं कुठलं सांगा."

यातलं खोटं एकही नव्हतं. बटण तर सकाळीच परागने लावलं होतं.

"मग यादी लावलीस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. आणि आपला शेवटचा आला म्हणून नाही लावली, असं लोकांना सांगायचं होतं का?"

यादी उतरवून उपयोग नव्हता. तिचे फोटो पालकांच्या ग्रुपवर गेले होते आणि त्यांखाली अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ पडत होते. परागला उद्देशूनही एक गुच्छ होता : "अध्यक्षांचा निःपक्षपातीपणा." कोणी टाकला हे त्याने नाव वाचून लक्षात ठेवलं.

ऋत्विकने यादी वाचली होती. ती सगळी वाचता येणारा वर्गात तो बहुधा एकटाच होता. त्या दिवसापासून तो रस्त्याने जाताना पाट्या मोठ्याने वाचेनासा झाला. परागने मुद्दाम विचारलं, "बाळा, ते बघ काय लिहिलंय?" तो म्हणाला, "मला नाही येत. मी बावीस आहे."

परागने हे ऐकलं आणि रात्रभर पेनं खिशात तशीच ठेवून तो झोपला.

दिवाळीनंतर शाळा उघडली. चंद्रकलाबाईंच्या टेबलावर सही-अंगठ्याची पत्रकं परत आली ती वाजत आली. टकटक, एकावर एक, काचेच्या पाट्या ठेवाव्यात तशी. बाईंनी वरचं उचललं, वाकवून पाहिलं. ते वाकलं नाही. कोपऱ्यात शिक्का, शिक्क्यात आकडा, आणि सगळ्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिक.

त्यांनी परागला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्या पेन हातात घेऊन बसल्या होत्या.

"अध्यक्ष, या पत्रकाला दोन भाग आहेत. डावा पहिल्या सत्राचा, उजवा दुसऱ्याचा. उजवा कोरा आहे. त्यावर मी मे महिन्यात लिहायचं. आता तुम्ही सांगा, कुठे लिहू?"

परागने उजवा भाग पाहिला. चकचकीत होता. त्याने खिशातलं पेन काढून अगदी हलकेच टेकवून पाहिलं. रेघ उमटली आणि बोट लागताच पुसली गेली.

"मार्कर आणून देतो मी," तो पुटपुटला.

"मार्करचं सोडा. धाकली आली नाही."

"कोण?"

"तुमचा पहिला नंबर."

परागला तेव्हा कळेना की यात घाबरण्यासारखं काय आहे. बाईंनी कळवलं. सकाळी त्या स्वतः पाड्यावर जाऊन आल्या होत्या. रोहिदास आणि सुषमा भट्टीवर निघाली होती. दरवर्षी जातात. एका वर्षी थोरल्या मुलीला असंच घेऊन गेले होते, ती चौथीतून सुटली ती सुटलीच. धाकलीला मात्र यंदा सुषमाच्या आईकडे, बुधी आजीकडे, ठेवायचं ठरलं होतं. पावसाळाभर बाईंनी त्यासाठी जोडे झिजवले होते. दुपारचं जेवण शाळेत, बाकी आजीकडे. रोहिदास हो म्हणाला होता. आता तो नाही म्हणत होता.

"का?"

"म्हणाला, पोर एक नंबरात पास झाली, पक्का कागद मिळाला. आता ठेवून काय करायचं? मी म्हटलं, अरे पहिलीला पास-नापास नसतं. तर त्याने कागद दाखवला. म्हणाला, बाय, तुमी सांगता मार्क नाय, शेठ लेखी देतो. शिक्का हाये. कोनाचा खरा?"

पराग खुर्चीत बसला. खुर्ची पहिलीच्या वर्गातली होती, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला आले.

"शहाण्णव आहेत हो तिला," तो म्हणाला. स्वतःच्याच आवाजात त्याला बचाव ऐकू आला.

बाईंनी धाकलीच्या पत्रकाची आपल्याकडची नक्कल पुढे सरकवली. "वाचा. कुठे गेले चार?"

त्याने वाचलं. नऊ ओळींपुढे 'स्वतः करते'. दहाव्या ओळीपुढे, सोपे शब्द वाचते, तिथे लिहिलं होतं : "मदतीने. स्वतःचं नाव ओळखते. काही अक्षरं ओळखू लागली आहे. रोज सराव मिळाला तर उन्हाळ्यापर्यंत वाचेल. सराव तुटू देऊ नये."

"म्हणजे," परागने विचारलं, "जिला वाचता येत नाही ती माझ्या यादीत पहिली?"

"आणि ज्याला येतं तो शेवटचा. मुलं दोन्ही उत्तम आहेत. तुमची यादी वेडी आहे." बाई उठल्या. "चला."

"मी?"

"मी सांगून आले. माझं तोंडी आहे. तुमचं लेखी आहे. आज संध्याकाळी टेम्पो येणार आहे."

अशा रीतीने, लहान मुलांना गुण का देऊ नयेत हे पालकांना समजावून सांगण्यासाठी, जव्हारातला गुणांचा सगळ्यात मोठा भोक्ता भर दुपारी पाड्याची उतरण उतरू लागला.

झोपडीपुढे बोचकी बांधून ठेवली होती. पातेली, गोधडी, कोंबडीसाठी टोपली. सुषमा दोर आवळत होती. बुधी आजी उंबऱ्यात तंबाखू मळत बसली होती. धाकली नव्या फ्रॉकमध्ये बोचक्यावर चढून बसली होती, आणि तिच्या मांडीवर निळी कंपासपेटी होती. परागने तिच्याकडे पाहून नजर वळवली.

"या शेठ!" रोहिदास खुशीत म्हणाला. "पोरीला सोडायला आलं का? एक नंबर ना!"

"रोहिदास, अरे, ते मार्क... ते खरे नाहीत."

रोहिदासचं हसू राहिलं, पण डोळे बारीक झाले. "खरे नाय? शिक्का तुमचा ना?"

"शिक्का माझा. पण सरकार पहिलीला मार्कच देत नाही. मी आपले घातले."

"अशे कशे घातले? आमी काय दुकानात येऊन भाव पाडून मागितले काय?"

सुषमा दोर सोडून वळली. "म्हंजे पोर नापास हाये काय, शेठ? सरल सांगा ना."

"नापास नाही गं! पास-नापास काहीच नसतं. ती शिकते आहे." तेच वाक्य. परागने ते सभेत ऐकलं तेव्हा त्याला पळवाट वाटली होती. आता त्याच्याकडे दुसरं नव्हतं. "हे बघ, लहान पोरं एका चालीने वाढत नाहीत. एकाला आधी हे येतं, एकाला आधी ते. आज आकडा दिला की..." तो अडकला. पुढचं बाई काय म्हणाल्या होत्या ते त्याने ऐकलंच नव्हतं. तेव्हा तो वाद घालत होता. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई आंब्याच्या झाडाकडे बघत होत्या.

"आकडा दिला की काय?" रोहिदासने विचारलं.

"आकडा दिला की माणसाला वाटतं, झालं. संपलं."

"मंग? शंभरातून शहान्नव. चार राहिले. चार मार्कासाठी पोर इथं ठेवू? आजी म्हातारी, भट्टीवर सुषमाचे हाताखाली ऱ्हाईल, पानी देल, वाळत घातलेल्या विटा उलट्या करल. थोरलीला तर एवढं पन नव्हते."

पराग उकिडवा बसला. त्याने पत्रक मागितलं. सुषमाने ते पिशवीतून, रेशन कार्डाच्या शेजारून, काढून दिलं.

"ऐक. मी एक एक सांगतो. हात धुते, याचे दहा."

"दहा?" सुषमा म्हणाली.

"रांगेत उभी राहते, दहा. ताट उचलून ठेवते, दहा. बटण लावते, दहा. खेळायला देते, दहा. गाणं म्हणते, दहा."

सुषमाच्या तोंडाला पदर गेला. ती हसत होती की काय ते कळेना. "हात धुयाचे दहा दिले तुमी? शेठ! हे तर मी शिकवले. आन भट्टीवर हात धुयाला पानी नाय तिथं, मंग ते दहा जातील काय?"

"आणि वाचायचे सहा. ते पण मदतीने. तिला अजून वाचता येत नाही, रोहिदास. एवढंच शिकायला शाळेत घातली होती ना? तेच राहिलंय. मी ते बाकीच्यात बुडवून टाकलं. बेरीज केली नि बुडवून टाकलं."

रोहिदासने धाकलीला हाक मारली, कागद तिच्यापुढे धरला. "वाच गं, काय लिवलाय."

धाकलीने कागद हातात घेतला. तिने एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाली, "धाकली."

"पुडं?"

धाकलीने पुढे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने बोट पुन्हा पहिल्या जागी आणलं आणि म्हणाली, "धाकली."

बुधी आजी खो खो हसली. दुसरं कोणी हसलं नाही. रोहिदासने कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. प्लास्टिक चमकलं.

"सालं," तो म्हणाला, "आमी याला देवाजवल ठेवनार व्हतो."

बाई पहिल्यांदा बोलल्या. "रोहिदासभाऊ, तिची अक्षरं आत्ता कुठे लागायला लागलीत. आता तुटली तर जूनला मला पुन्हा पहिल्यापासून धरावं लागेल, आणि तेव्हा ती मोठ्या मुलांत लाजेल. थोरलीचं असंच झालं. मार्क विसर. पोर मला उन्हाळ्यापर्यंत दे."

रोहिदासने सुषमाकडे पाहिलं. सुषमाने आईकडे. बुधी आजीने तंबाखू दाढेखाली ठेवली. "माझेजवल ऱ्हाईल," ती म्हणाली. "मी काय आज मरत नाय. होलीपोत तरी नाय."

सुषमाने बोचक्याची गाठ सोडली, धाकलीची गोधडी आणि दोन फ्रॉक बाहेर काढले आणि गाठ पुन्हा आवळली. बोचकं फारसं लहान झालं नाही. धाकलीला काय झालं ते कळलं तेव्हा तिने भोकाड पसरलं. तिला टेम्पोत बसायचं होतं.

परत निघताना परागला हलकं वाटत होतं. चढावर तो बाईंना म्हणालाही, की पालकांना नीट समजावलं तर समजतं, पद्धत हवी. वाटेत शेवटच्या झोपडीच्या दाराला कुलूप होतं. अंगणात चुलीची राख होती, आणि भिंतीला खडूने काढलेले एक, दोन, तीन, त्यातले तीन उलटे.

"हे कोणाचं?"

मागून पोचवायला आलेला रोहिदास म्हणाला, "तुकाचा. दिवाली झाली नि गेला, पोरगा घेऊन. सोन्या, आमचे धाकलीचे वर्गात."

"त्याला कशाला नेला? त्याला काय शहाण्णव नव्हते."

"नाय ना. तो तुमचे यादीत एकवीस नंबर व्हता. कोनी वाचून दाखवला त्याला. तुका बोलला, एकवीस नंबरचे पोराला शिकवून काय करू? त्याचेपेक्षा विटा तरी मोजल."

पराग कुलपासमोर उभा राहिला. शहाण्णववाली जायला निघते आणि एकवीसवाला तर गेलासुद्धा. बावीस नंबर मात्र या क्षणी शाळेत, खिडकीजवळ, बटणं लावलेल्या सदऱ्यात बसला होता. त्याला शाळेतून काढायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्या बापाच्यासुद्धा नाही.

"सकाळी कुलूप बघितलं तेव्हा वाटलं, कामाला गेले असतील. सांगून गेला असता तर शिक्षण हमी पत्रक दिलं असतं," बाई म्हणाल्या. "तिथल्या शाळेत बसवला असता त्याला." त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. "हा सभेत मागे उभा होता. काही विचारलं नाही त्याने. मला वाटलं, समजलं असेल."

परागने तिथूनच रोहिदासकडून नंबर घेऊन तुकाला फोन लावला. चौथ्या वेळी लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. परागने ओरडून ओरडून सांगितलं : मार्क खोटे आहेत, पहिलीला नंबर नसतो, सोन्याला परत आण, नाहीतर तिथल्या शाळेत तरी घाल, बाई कागद देतात. पलीकडे तुका शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "शेठ, तुमीच लिवला ना? उचल घेतली, आता मुकादमाला काय सांगू? होलीला येतो." आणि ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला.

परागने यादी त्याच दिवशी काचेवरून काढली. ती फाटेना, लॅमिनेशन केलेली होती. शलाकाने कात्री दिली.

पुढच्या महिन्याच्या समिती सभेत खालील ठराव सर्वानुमते मंजूर झाला : "इयत्ता पहिली व दुसरीच्या विद्यार्थ्यांना गुण न देण्यामागील शैक्षणिक भूमिका पालकांपर्यंत प्रत्यक्ष गृहभेटीद्वारे पोहोचविण्यात आली असून, सदर प्रबोधनामुळे विद्यार्थी स्थलांतर रोखण्यात समितीस उल्लेखनीय यश प्राप्त झाले आहे. याकामी पुढाकार घेतल्याबद्दल अध्यक्षांचे अभिनंदन करण्यात येत आहे." सूचक आणि अनुमोदक यांची नावं भरली आहेत. अध्यक्षांच्या सहीची जागा कोरी आहे.

सोन्या भट्टीवर विटा उलट्या करतो.